यूपीआयचे नवे नियम: ‘५० ची लिमिट’ नक्की कशावर आहे?

१ ऑगस्ट २०२५ पासून यूपीआयचे नवे नियम लागू झाले आणि त्याच दिवशी फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड सुरू झाले. ‘आता दिवसाला फक्त ५० पेमेंट’, ‘सकाळी १० ते १ यूपीआय बंद’, ‘बॅलन्स पाहायला पैसे लागणार’. यातलं एकही वाक्य बरोबर नाही. पण प्रत्येकात नियमाचा एखादा खरा तुकडा आहे, म्हणून लोकांना ते पटतं.

गोंधळाचं कारण साधं आहे. एनपीसीआयने ही पत्रकं बँका आणि ॲप कंपन्यांसाठी काढली, तुमच्या-माझ्यासाठी नाही. त्यांत ‘एपीआय’चा वापर कमी करा असं लिहिलंय. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला त्याचा अर्थ लगेच कळतो, बाकीच्यांना ‘यूपीआय कमी करा’ असं वाटतं. म्हणून मला सगळ्यात जास्त विचारले गेलेले प्रश्न इथे एकेक करून घेतोय.

एपीआय म्हणजे काय आणि त्याला मर्यादा का?

तुमचं ॲप बँकेला जो निरोप पाठवतं, त्याची ठरलेली पद्धत म्हणजे एपीआय. ‘हे २०० रुपये त्याला दे’ हा एक निरोप. ‘माझ्या खात्यात किती आहेत?’ हा दुसरा. ‘मघाच्या पेमेंटचं काय झालं?’ हा तिसरा. यातल्या पहिल्या निरोपानेच पैसे हलतात. बाकीचे दोन नुसते प्रश्न आहेत, पण सर्व्हरला उत्तर सगळ्यांनाच द्यावं लागतं.

बँकेत एकच खिडकी आहे असं समजा. रांगेत पैसे भरणारे आहेत आणि ‘माझे किती आहेत हो?’ एवढंच विचारायला आलेलेही आहेत. विचारणारे वाढले की भरणाऱ्यांचा खोळंबा होतो. जुलै २०२५ या एका महिन्यात यूपीआयवर सुमारे १,९४७ कोटी व्यवहार झाले. प्रत्येक व्यवहारामागे दोन-चार जादा प्रश्न धरले तरी रांग कुठे जाईल याचा अंदाज येतो.

हे प्रत्यक्षात घडलंही. १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय अडखळलं होतं. काही बँकांकडून ‘पेमेंटचं काय झालं?’ या प्रश्नांचा पूर आला, अगदी जुन्या व्यवहारांबद्दलसुद्धा, असं त्यामागचं कारण एनपीसीआयच्या तपासात पुढे आलं. नवे नियम त्यानंतरचे आहेत. मर्यादा प्रश्नांवर आहे, पैसे पाठवण्यावर नाही. एवढं लक्षात ठेवलं तर पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

मग दिवसाला ५० पेमेंटच करता येणार का?

नाही. ५० हा आकडा बॅलन्स तपासण्याचा आहे. एका ॲपमधून २४ तासांत जास्तीत जास्त ५० वेळा बॅलन्स विचारता येईल. दोन ॲप वापरत असाल तर प्रत्येकाचे ५० वेगळे. ५१ व्या वेळी ॲप बॅलन्स दाखवणार नाही, पण पेमेंट आधीसारखंच चालू राहील. गर्दीच्या वेळी बॅलन्सची विचारणा आवरती घ्यायची मुभाही ॲपना आहे. त्यामुळे संध्याकाळी ७ वाजता बॅलन्स दिसला नाही तर लगेच खातं गोठलं असं समजू नका.

शिवाय प्रत्येक यशस्वी पेमेंटनंतर खात्यात किती उरले हे बँकेने स्वतःहून कळवावं, असंही याच नियमांत आहे. म्हणजे पेमेंट केल्यावर ‘बघू किती राहिले’ म्हणून पुन्हा पिन टाकायची गरज कमी होते. बँकेचं स्वतःचं ॲप किंवा एसएमएस यांतून पाहिलेला बॅलन्स या ५० मध्ये धरला जात नाही, कारण तो यूपीआयच्या वाटेने येतच नाही.

रोज किती पैसे पाठवता येतात ही मर्यादा वेगळी आहे. नेहमीच्या व्यवहारांसाठी ती साधारण १ लाख रुपये असते, आणि तुमची बँक त्याहून कमी ठेवू शकते. १ ऑगस्टच्या नियमांनी तिला हात लावलेला नाही.

आणि ते २५ काय आहे?

तुमच्या मोबाइल नंबरला कोणती खाती जोडलेली आहेत, हे ॲप बँकेला विचारतं. हा प्रश्न एका ॲपमधून दिवसाला २५ वेळाच विचारता येईल, तोही तुम्ही बँक निवडल्यावरच. नवीन फोनवर ॲप सेट करताना हे दोन-तीनदा होतं. आपल्यापैकी कोणी २५ पर्यंत पोचेल असं वाटत नाही.

सकाळी १० ते १ यूपीआय बंद राहणार?

नाही. सकाळी १० ते दुपारी १ आणि संध्याकाळी ५ ते रात्री ९:३० हे गर्दीचे तास ठरवलेत. या वेळात ऑटोपेचे हप्ते कापायचे नाहीत, एवढाच नियम आहे. तुम्ही स्वतः क्यूआर स्कॅन करून पैसे देताय किंवा हाताने लाइटबिल भरताय, ते ऑटोपे नाही. ते कधीही करा.

ऑटोपे म्हणजे ओटीटीचं सबस्क्रिप्शन, एसआयपी, कर्जाचा हप्ता, जे तुम्ही एकदा परवानगी दिल्यावर आपोआप कापलं जातं. ते आता सकाळी १० च्या आधी, दुपारी १ ते ५ मध्ये किंवा रात्री ९:३० नंतर होईल. एका हप्त्यासाठी पहिला प्रयत्न आणि तो फसला तर आणखी तीन, असे एकूण चारच प्रयत्न करता येतील.

तुम्हाला फरक पडतो तो इथे. समजा ५ तारखेला १,००० रुपयांची एसआयपी आहे आणि पगारही ५ तारखेलाच, सकाळी ११ च्या सुमारास जमा होतो. खात्यात ३०० रुपये आहेत. हप्ता सकाळी ७ ला मागितला गेला तर तो परत जाणार. उरलेले तीन प्रयत्न आहेत, पण ते कधी करायचे हे समोरची कंपनी ठरवते, तुम्ही नाही. त्यामुळे ५ तारखेच्या हप्त्याचे पैसे ४ तारखेच्या रात्रीच खात्यात असू द्या, किंवा एसआयपीची तारीख ७-८ करून घ्या. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते, ती न वाचता स्वाइप करू नका.

‘स्टेटस तीनदाच बघता येणार’ म्हणजे पेमेंट अडकलं तर काय?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण यात खरोखर पैसे दुप्पट जाऊ शकतात. एक उदाहरण शेवटपर्यंत पाहू.

रात्री ८ वाजता तुम्ही मेसच्या काकांना महिन्याचे २,४०० रुपये पाठवले. पिन टाकला. तुमच्या बँकेने पैसे कापले, एसएमएसही आला. पण काकांच्या बँकेकडून ‘जमा झाले’ हे उत्तर वेळेत आलं नाही. ॲपवर ‘पेंडिंग’ दिसतंय आणि काका म्हणतायत, “काही आलं नाही रे.”

यापूर्वी अशा वेळी काही ॲप आणि बँका लागोपाठ विचारत राहायच्या: काय झालं, काय झालं? एप्रिल २०२५ च्या पत्रकाने त्याला शिस्त लावली. पेमेंटनंतर पहिला प्रश्न ९० सेकंदांनी विचारायचा आणि एकूण तीनदाच विचारायचं, तेही शक्यतो दोन तासांच्या आत. हे बंधन ॲप आणि बँकेवर आहे. तुम्ही हिस्टरी उघडून कितीही वेळा पाहू शकता, पण दर वेळी नवीन चौकशी होईलच असं नाही. दहा सेकंदांत दहा वेळा रिफ्रेश केलं तरी तेच ‘पेंडिंग’ दिसेल.

म्हणून पहिली दोन मिनिटं काहीच करू नका. मुख्य म्हणजे, लगेच दुसऱ्यांदा २,४०० पाठवू नका. ‘पेंडिंग’चा अर्थ ‘फेल’ नाही. पहिलं पेमेंट पाच मिनिटांनी पूर्ण झालं तर काकांकडे ४,८०० जमा होतील आणि तो व्यवहार बँकेच्या दृष्टीने यशस्वी असल्याने पैसे आपोआप परत येणार नाहीत. ते काकांकडूनच मागून घ्यावे लागतील.

त्याऐवजी व्यवहार उघडा. तिथे `UTR` किंवा `UPI Ref No` या नावाने १२ आकडी नंबर असतो. तो काकांना पाठवून ठेवा आणि ‘उद्या बघून सांगतो’ म्हणा. पुढे दोनपैकी एक होईल: पैसे जमा होतील, किंवा तुमच्या खात्यात परत येतील.

परत येण्याची मुदत रिझर्व्ह बँकेने २०१९ पासूनच ठरवून दिली आहे. एका व्यक्तीच्या खात्यातून दुसऱ्या व्यक्तीच्या खात्यात पाठवले असतील तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत. दुकानदाराच्या व्यापारी क्यूआरवर दिले असतील तर पाच दिवसांपर्यंत. त्यापेक्षा उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. आली नाही तर ॲपमध्ये त्याच व्यवहारावर तक्रार नोंदवा आणि मग बँकेकडे जा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते. नव्या नियमांनी हा हक्क कमी केलेला नाही.

बॅलन्स तपासायला पैसे लागणार का?

नाही. या पत्रकांत ग्राहकाकडून शुल्क घेण्याचा विषयच नाही. २,००० रुपयांवरच्या यूपीआयला जीएसटी लागणार ही अफवा वेगळी होती आणि अर्थ मंत्रालयाने ती एप्रिल २०२५ मध्येच फेटाळली.

मला ॲपमध्ये काही बदलावं लागेल का?

काहीच नाही. सगळे बदल बँक आणि ॲपच्या सर्व्हरवर झालेत. त्यामुळे ‘तुमची ५० ची लिमिट संपली, वाढवण्यासाठी या लिंकवर पिन टाका’ असा मेसेज किंवा फोन आला तर तो फसवणुकीचाच समजा. ही मर्यादा वाढवून घ्यायची सोय कुठेही नाही, आणि ती दुसऱ्या दिवशी आपोआप सुटते.