वसिष्ठाच्या पोटातला तारा

लग्नात सप्तपदीनंतर अरुंधती दाखवायची रीत आहे. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला खेटून मंद अरुंधती. दोघांत आकाशात अंतर 12 कलांचं. चंद्रबिंब सुमारे 30 कलांचं असतं. (1 अंश म्हणजे 60 कला, 1 कला म्हणजे 60 विकला.)

एवढं अंतर डोळ्याला जड आहे का? प्रकाश गोल छिद्रातून आत शिरला की थोडा पसरतो. त्यामुळे तारा बिंदूसारखा उमटत नाही; एक इवलीशी चकती उमटते आणि तिच्याभोवती फिकट कडी दिसतात. दोन चकत्या फार जवळ आल्या की एकमेकींत मिसळतात. एकीचा मध्य दुसरीच्या पहिल्या काळ्या कड्यावर आला की त्या जेमतेम वेगळ्या ओळखता येतात, ही रॅलेची कसोटी. तो कोन असा काढतात:

θ = 1.22 λ / D

λ ही प्रकाशाची तरंगलांबी, D हा छिद्राचा व्यास, आणि उत्तर रेडियनमध्ये येतं. त्याला 206265 ने गुणलं की विकला मिळतात. डोळ्याची बाहुली 2.5 मिलिमीटर आणि हिरवा प्रकाश 0.00055 मिलिमीटर धरला, तर उत्तर येतं 55 विकला, म्हणजे जवळजवळ 1 कला. अंधारात बाहुली 6-7 मिलिमीटर उघडते, पण म्हणून नजर तिप्पट तीक्ष्ण होत नाही. नेत्रभिंगाच्या कडेचे दोष तेव्हा आड येतात. तरीही 12 कला म्हणजे मर्यादेच्या कितीतरी पट. शहरात अरुंधती दिसत नाही ती दिव्यांच्या उजेडामुळे.

खरी परीक्षा वसिष्ठाचीच. तो एकटा नाही. त्याला 14 विकलांवर दुसरा तारा चिकटलेला आहे. तो डोळ्याला वेगळा दिसणं शक्यच नाही. सूत्र उलटं वापरलं, तर 14 विकलांसाठी 1 सेंटिमीटरचं भिंगही पुरेसं ठरतं. मग 50 मिलिमीटरच्या, दहापट मोठं दाखवणाऱ्या हातातल्या दुर्बिणीतून तो सहज का दिसत नाही? भिंगाने दोघांना वेगळं केलेलं असतं, पण दहापट करूनही कोन अडीच कलांच्याही आतच राहतो, आणि हात हलला की तेवढंही हरवतं. त्यात सोबती मंद असल्याने मोठ्याच्या झगमगाटात बुजतो. रॅलेची कसोटी सारख्या तेजाच्या ताऱ्यांसाठी आहे. तिवईवरच्या 60 मिलिमीटरच्या दुर्बिणीला 40 पटीची नेत्रिका लावली की दोघं स्वच्छ सुटे होतात.

त्या दुर्बिणीची मर्यादा 2.3 विकला. तिला 300 पटीची नेत्रिका लावली, तर चकत्या मोठ्या होतील, पण नवं काहीच दिसणार नाही. आरसा मोठा केला तरी वाऱ्याने हलणारी हवा ताऱ्याला साधारण विकलाभर पसरवते. आणि त्या जोडीतला तेजस्वी ताराही पुन्हा जोडच आहे! हे 1889 मध्ये पिकरिंग यांनी वर्णपटातल्या रेषा दुभंगताना पाहून ओळखलं. त्यांच्यातलं अंतर सुमारे विकलेचा शंभरावा भाग. सूत्राने त्यासाठी जवळपास 14 मीटरचा आरसा लागतो, तोही हवेच्या वर.