दम पुरतो कसा? ट्रायथलॉनसाठी तलावातला सराव

गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ पासून ‘आयर्नमॅन ७०.३’ स्पर्धा होऊ लागली आणि पुणे, कोल्हापूर, नाशिककडच्या धावणाऱ्या-सायकल चालवणाऱ्या मंडळींची पावलं जलतरण तलावांकडे वळली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणं. यातल्या बहुतेकांना सायकल आणि धावण्याची भीती नसते. एकवीस किलोमीटर सहज धावणारा माणूस तलावात मात्र पन्नास मीटरवर कठडा धरून धापा टाकतो. त्याच्या फुप्फुसांत किंवा हृदयात काही कमी असतं असं नाही. श्वासाची लय आणि वेगाचा अंदाज या दोन गोष्टी त्याला पाण्यात अजून जमलेल्या नसतात, आणि रोज उठून ‘आज न थांबता किलोमीटरभर’ असं ठरवून त्या जमत नाहीत.

आधी श्वास. पाण्यात गुदमरल्यासारखं होतं तेव्हा प्राणवायू संपला असं वाटतं. प्रत्यक्षात शरीराला अस्वस्थ करतो तो साठलेला कार्बन डायऑक्साइड. नवखा पोहणारा तोंड पाण्यात असताना श्वास कोंडून ठेवतो. मान वळवल्यावर त्या अर्ध्या सेकंदात त्याला आधी हवा सोडायची असते आणि मग घ्यायची असते. दोन्ही अर्धवट होतात. दहाबारा हात मारले की छाती भरलेली असूनही दम लागतो. उपाय साधा आहे, पण अंगात मुरायला आठवडे लागतात: चेहरा पाण्यात गेला की लगेच नाकातोंडातून बुडबुडे सुरू व्हायला हवेत आणि मान वळेपर्यंत ते तुटता कामा नयेत. मान वळली की फक्त हवा घ्यायची. सोबत पोहणाऱ्याला सांगा, माझे बुडबुडे बघ. त्यांची सलग रेघ दिसत असेल तर ठीक. वळायच्या आधी एकदाच मोठा फुगा फुटत असेल तर श्वास कोंडला जातोय.

मग प्रश्न येतो तो किती हातांनी श्वास घ्यायचा याचा. उजवा हात एक, डावा हात दोन, असं मोजू. दर दोन हातांनी श्वास घेतला तर तो नेहमी एकाच बाजूला येतो. दर तीन हातांनी घेतला तर एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. शिकवताना बहुतेक ठिकाणी ‘तीनवरच’ असा आग्रह धरतात. शरीर दोन्ही बाजूंना सारखं फिरावं म्हणून ते योग्यच आहे. पण हिशेब करून बघा. मिनिटाला ५४ हात पडत असतील तर दर तीनने मिनिटाला १८ श्वास मिळतात, दर दोनने २७. जोरात धावताना माणूस मिनिटाला चाळीसच्या आसपास श्वास घेतो. म्हणजे पाण्यात आधीच हवेची चणचण आहे, ती आणखी का वाढवायची? माझं मत स्पष्ट आहे: हलक्या पोहण्यात तीन, जोराच्या पोहण्यात दोन, आणि दोन्ही बाजू शिकलेल्या असाव्यात. समुद्रात लाट उजवीकडून येत असेल तर डावीकडे तोंड काढता यायला हवं, एवढ्यासाठी तरी.

दोन्ही बाजू शिकायची एक सोपी रीत आहे. तलावाची एकच बाजू निवडा, समजा पायऱ्यांची. जाताना पायऱ्या उजवीकडे असतील तर उजवीकडे श्वास, दर दोन हातांनी. परतताना त्याच पायऱ्या डावीकडे येतात, म्हणून डावीकडे. तोंड नेहमी पायऱ्यांकडेच. अशा पन्नास मीटरच्या चार फेऱ्या रोज सुरुवातीला मारल्या की नावडती बाजू महिन्याभरात सवयीची होते.

काही जण मात्र दर पाच, दर सात हातांनी श्वास घेत पोहतात किंवा पाण्याखालून लेंथ काढतात. दम वाढवायचा म्हणून हे करू नये. लांब पल्ल्याला त्याचा फारसा उपयोग नाही, आणि श्वास ताणण्याच्या नादात कोणतीही सूचना न मिळता पाण्यात शुद्ध हरपू शकते. एकट्याने तर कधीच नाही.

आता वेग. इथे अंदाजाने काम होत नाही, म्हणून चाचणी घ्यायची. अंग गरम करून ४०० मीटर जमेल तितक्या जोरात, पण एकसारखं पोहायचं आणि वेळ लिहायची. आठदहा मिनिटं अगदी सावकाश पोहून मग २०० मीटर, तसंच. दोन्ही वेळांतला फरक दोनने भागला की शंभर मीटरला किती वेळ हे उत्तर येतं. पोहणारे त्याला सीएसएस म्हणतात. ढोबळमानाने, दम न तुटता बराच वेळ टिकवता येईल असा हा सर्वांत जास्त वेग.

एक उदाहरण घेऊ. एकाला ४०० मीटरला ९ मिनिटं ४० सेकंद लागले आणि २०० मीटरला ४ मिनिटं ४० सेकंद. फरक ५ मिनिटांचा, निम्मे अडीच. म्हणजे शंभर मीटरला २:३०, पन्नासला १:१५. हाच माणूस स्पर्धेत शंभरला आठ सेकंद जास्त धरून २:३८ ने पोहला तर १९०० मीटर ५० मिनिटांत होतात. ७०.३ स्पर्धांत पोहण्याला साधारण १ तास १० मिनिटांची मर्यादा असते. म्हणजे त्याच्या हाताशी वीस मिनिटं आहेत. त्याला वेग वाढवायची घाई नाही. हाच वेग शेवटपर्यंत टिकवणं, आणि पाण्यातून बाहेर येताना पायांत सायकलसाठी ताकद उरणं, एवढंच त्याला हवं आहे.

त्याच्या सरावाचा कणा म्हणजे शंभर मीटरचे दहा तुकडे. आपल्याकडच्या तलावांत बॅच बहुधा पाऊण तासाची असते, म्हणून त्यातच बसवू. दोनशे मीटर सावकाश, सहा मिनिटं. मग वर सांगितलेल्या पन्नासच्या चार फेऱ्या, थोड्या विश्रांतीसह सात मिनिटं. त्यानंतर दहा वेळा शंभर मीटर, प्रत्येक २:३५ मध्ये, आणि दर २:५५ ला पुढचा तुकडा सुरू. म्हणजे मध्ये वीस सेकंद. घड्याळ थांबवायचं नाही. उशिरा पोचलात तर विश्रांती कमी, सुटायची वेळ तीच. हे सगळं एकोणतीस मिनिटांत उरकतं आणि शिट्टी वाजायच्या आत चौदाशे मीटर होतात.

सलग हजार मीटर का नाही? कारण सलग पोहताना तिसऱ्या-चौथ्या शंभरावर कोपर खाली येतं, कंबर बुडते, आणि उरलेले सहाशे मीटर त्या बिघडलेल्या हाताचाच सराव होतो. वीस सेकंदांत नाडी फारशी खाली येत नाही, पण खांद्यांना तेवढी उसंत पुरते आणि पुढचा तुकडा नीट हातांनी पोहता येतो. हात बिघडतोय की नाही हे मोजून कळतं. पंचवीस मीटरला पहिल्या तुकड्यात २२ हात लागले आणि आठव्यात २६ लागले, तर वेळ तीच असली तरी पाण्यावरची पकड सुटली आहे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पहिल्या तीन तुकड्यांत. ताजंतवानं अंग असतं, शेजारच्या लेनमध्ये कुणी तरी असतं, आणि २:३५ ऐवजी २:२० निघतात. चौथा २:३३, सहावा २:४४, आठव्याला कठडा सोडवत नाही. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती साधारण घनाने. वेग दहा टक्क्यांनी वाढवायला शक्ती जवळजवळ एक तृतीयांश जास्त लागते. उधारीसारखं आहे हे, आणि व्याज जबर. म्हणून पहिले तीन तुकडे ‘इतकं सोपं?’ असं वाटायलाच हवेत. शंभराच्या आतही तेच बघायचं: पहिले पन्नास १:१६ आणि दुसरे १:१९ चालतील. १:०९ आणि १:२६ असतील तर बेरीज बरोबर येऊनही सराव चुकीचा झाला. आणि लागोपाठ दोन तुकडे ठरलेल्या वेळेपेक्षा पाच सेकंदांहून अधिक मागे पडले तर एक फेरी कठड्याशी थांबा. तिसराही तसाच गेला तर त्या दिवशी तिथेच थांबायचं.

श्वास आणि वेग इथे एकत्र येतात. पहिले चार तुकडे दर तीन हातांनी पोहा. तीनवर २:३५ सहज जमत असेल तर वेग बरोबर आहे. दुसऱ्याच तुकड्यात दोनवर यावंसं वाटलं तर घड्याळ काहीही म्हणो, सुरुवात जोरात झाली. पाचव्यापासून दोनवर या.

दहा तुकडे सारखे यायला लागले, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्यात तीन-चार सेकंदांचाच फरक राहिला, की तुकडे लांब करायचे. आधी २०० मीटरचे पाच, प्रत्येक ५:१० मध्ये, दर ५:४० ला सुटायचं. नंतर ४०० चे तीन, मध्ये अर्धा मिनिट. आठवड्यात तीन दिवस मिळत असतील तर एक दिवस हा, एक दिवस पन्नास मीटरचे सोळा तुकडे १:१२ च्या थोड्या चढ्या वेगाने, दर १:३० ला सुटून, आणि एक दिवस निवांत सलग पोहणं. सहा आठवड्यांनी चाचणी पुन्हा घ्या आणि सगळ्या वेळा नव्याने ठरवा. जुन्या वेळांना चिकटून राहिलात तर सराव नकळत हलका होत जातो.

तलावाची मर्यादाही लक्षात असू द्या. पंचवीस मीटरच्या तलावात १९०० मीटर म्हणजे ७६ लेंथ. मधल्या ७५ वळणांवर भिंतीला पायाने रेटा मिळतो आणि हातांना क्षणभर सुट्टी. समुद्रात भिंत नाही. खारं पाणी थोडं वर उचलतं खरं, पण गोव्याचं पाणी कोमट, तिथे वेटसूट नसतो, त्यामुळे बुडणारे पाय ते झाकून देणारं काही नाही. म्हणून ४०० च्या तुकड्यांत गर्दी नसेल तेव्हा भिंतीच्या दोन मीटर अलीकडे रेटा न घेता वळायचं. दर आठ हातांनी डोळे, फक्त डोळे, पाण्याबाहेर काढून समोरचं काही तरी बघायचं, आणि त्याच ओघात मान बाजूला वळवून श्वास घ्यायचा. पूर्ण डोकं वर काढलं की कंबर लगेच खाली जाते, ते पोटरीपर्यंत जाणवतं.

आणि स्पर्धेच्या सुरुवातीच्या धांदलीचाही सराव करता येतो. शंभर मीटर मुद्दाम २:२० ने सुटायचं, आणि न थांबता पुढचे तीनशे २:३८ वर आणायचे. असं तीनदा, मध्ये एक मिनिट. जोराच्या शंभरानंतर श्वास कोंडायला लागतो, तेव्हा वेगाकडे बघायचं नाही. पहिले पन्नास मीटर फक्त बुडबुडे लांबवायचे, दर दोन हातांनी. हात आपोआप मंदावतात, आणि साधारण तिसऱ्या लेंथपर्यंत २:३८ ची लय सापडते.