मार्चची बेरीज एप्रिलमध्ये का बदलते?

ऑनलाइन गाद्या विकणारी एक कंपनी धरू. 1 मार्च 2025 हा शनिवार. त्या दिवशी तिने गूगलवरच्या जाहिरातींवर 40,000 रुपये खर्च केले. रविवारी सकाळी अहवाल उघडला तर शनिवारच्या नावावर 8 ऑर्डरी, म्हणजे एका ऑर्डरीमागे 5,000 रुपये. मालकाच्या कपाळावर आठ्या. आठवड्याने त्याच शनिवारपुढे 14 ऑर्डरी दिसू लागल्या आणि 1 एप्रिलला 20. खर्च तेवढाच, पण दर ऑर्डरीचा भाव 2,000 वर आला. चूक कोणाचीच नाही. एप्रिलअखेरीस मात्र तिथे 18 दिसले, तेव्हा मालकाने फोन उचलला.

आकडे माझे आहेत, पण असा फोन मी बऱ्याचदा घेतला आहे.

गादी कोणी जाहिरात पाहून लगेच घेत नाही. माणूस क्लिक करतो, घरी विचारतो, दुकानात जाऊन दाबून बघतो, पगाराची वाट पाहतो आणि तीन आठवड्यांनी ऑर्डर देतो. गूगल ही ऑर्डर कोणत्या दिवसाच्या खात्यात घालतो? ज्या दिवशी क्लिक झाले, त्या दिवसाच्या. कारण खर्च त्या दिवशी झाला, मग त्याचे फळही तिथेच दिसायला हवे. क्लिकनंतर किती दिवसांपर्यंतची ऑर्डर धरायची, ही मुदत नेहमीच्या सेटिंगमध्ये 30 दिवस असते आणि 90 दिवसांपर्यंत वाढवता येते. म्हणून 1 मार्चचे खाते मार्चभर उघडे राहते. पुढे गादी परत आली, तर कंपनी ती ऑर्डर रद्द झाल्याचे गूगलला कळवू शकते. त्यासाठी ऑर्डरीनंतर 55 दिवसांची मुदत आहे. तीस आणि पंचावन्न मिळून पंच्याऐंशी. जवळजवळ तीन महिने तो शनिवार हलू शकतो. आपल्या 20 चे 18 झाले ते दोन गाद्या परत आल्यामुळे.

अहवालात `Conversions (by conv. time)` नावाचा वेगळा रकानाही मिळतो. तो ऑर्डरीच्या तारखेने मोजतो. हिशेबनिसाला तोच सोयीचा, कारण त्याची बिले ऑर्डरीच्या तारखेची असतात. जाहिरातवाला क्लिकच्या तारखेने बोलतो, हिशेबनीस ऑर्डरीच्या. दोघे एकाच मार्चवर तासभर भांडतात आणि दोघेही बरोबर असतात.

आता कंपनीच्या डेटा वेअरहाऊसकडे वळू. रोज पहाटे एक प्रोग्राम चालतो, गूगलकडून कालचे आकडे मागतो आणि टेबलात भरतो. सर्वात साधी रचना ही, आणि सर्वात घातकही. ‘काल’ एकदाच मागितला जातो, म्हणून शनिवार 8 ऑर्डरींवर कायमचा गोठतो. तयार साधने वापरली तरी सुटका नाही. बिगक्वेरीमध्ये गूगल ॲड्सचा डेटा आपोआप आणणारी सेवा दररोज मागचे काही दिवस पुन्हा आणते, पण मूळ सेटिंगमध्ये ते 7 दिवस असतात. वाढवून 30 करता येतात, त्यापलीकडचे वेगळे सांगून भरून घ्यावे लागतात. सातवर सोडलेत तर 14 वर गोठाल, इतकेच.

तेव्हा जुने दिवस पुन्हा मागायचे. रोज मागचे 35 दिवस, म्हणजे तीस दिवसांची मुदत आणि वर थोडी ढिलाई. आठवड्यातून एकदा 90 दिवस, परत आलेल्या गाद्यांसाठी. प्रश्न उरतो तो आणलेले आकडे ठेवायचे कसे हा. नुसते खाली जोडत गेलात तर दुसऱ्याच दिवशी शनिवार दुप्पट दिसेल. हे लगेच लक्षात येते, म्हणून फार नुकसान करत नाही.

लक्षात न येणारी चूक पुढची. बरेच जण `MERGE` वापरतात: ओळ आधीच असेल तर बदला, नसेल तर घाला. समजा, त्या दोन परत आलेल्या गाद्या लहान मुलांच्या गाद्यांच्या मोहिमेतल्या होत्या आणि त्या शनिवारी त्या मोहिमेच्या तेवढ्याच ऑर्डरी होत्या. ऑर्डरीच्या प्रकारानुसार फोडलेल्या अहवालात गूगल शून्याची ओळ पाठवतच नाही. 2 चे 0 झाले की ती ओळ गायब. `MERGE` आलेल्या ओळी बदलतो. न आलेल्या ओळीचे त्याला काही कळत नाही. टेबलात ती 2 ऑर्डरींसह भुतासारखी बसून राहते आणि बेरीज 20 च दाखवते.

म्हणून ओळी दुरुस्त करायच्या नाहीत, अख्खा दिवस पुसून पुन्हा लिहायचा:

```sql
BEGIN TRANSACTION;
DELETE FROM ad_daily
WHERE ad_date BETWEEN '2025-03-01' AND '2025-04-04';
INSERT INTO ad_daily
SELECT * FROM ad_staging
WHERE ad_date BETWEEN '2025-03-01' AND '2025-04-04';
COMMIT TRANSACTION;
```

हे दहा वेळा चालवले तरी उत्तर तेच येते. पुसणे आणि लिहिणे एकाच व्यवहारात आहे, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी टेबल अर्धवट राहत नाही. भीती एकच: नव्याने आणलेला डेटाच अपुरा असेल तर? मग आपण चांगले पुसून वाईट लिहू. इथे खर्चाचा रकाना राखणदार म्हणून उपयोगी पडतो. ऑर्डरी महिनोन्महिने हलतात, खर्च दोन-तीन दिवसांत जवळपास स्थिरावतो. बनावट क्लिकचे पैसे परत मिळाले तर किंचित उतरतो. वीस दिवसांपूर्वीचा खर्च नव्या डेटात चाळीसचा तीस हजार झाला असेल, तर ग्राहकांनी काही केलेले नाही, आपल्याकडे ओळी कमी आल्या आहेत. अशा वेळी पुसण्याआधी थांबायचे. भुते शोधायला त्याच दिवसाची न फोडलेली एकूण बेरीज वेगळी मागवून टेबलाशी ताडून पाहावी.

एवढे केल्यावर टेबल नेहमी ताजे राहते, आणि नवा घोळ सुरू होतो. सोमवारच्या बैठकीत गेला आठवडा त्याच्या आधीच्या आठवड्याशेजारी मांडतात आणि दर सोमवारी विक्री घसरलेली दिसते. अर्थात दिसणारच, एक आठवडा पिकलेला, दुसरा कच्चा. मी अशा घसरणीवरून चालू मोहीम बंद केलेली पाहिली आहे.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक आकड्याला दोन तारखा देणे: तो कोणत्या दिवसाचा आहे आणि आपण तो कधी विचारला. ताज्या टेबलाशेजारी दुसरे टेबल ठेवायचे, त्यात काही पुसायचे नाही. रोज आणलेला आकडा `fetched_at` या रकान्यासह जोडत जायचा. मग 1 मार्चचा पहिल्या सकाळचा आकडा 8 मार्चच्या पहिल्या सकाळच्या आकड्याशेजारी ठेवता येतो, कच्चा कच्च्याशी. काही महिन्यांनी हेही दिसते की पहिल्या सकाळी अंतिम ऑर्डरींच्या सुमारे किती टक्के आलेल्या असतात. आपल्या शनिवारी 20 पैकी 8, म्हणजे 40 टक्के. बहुतेक शनिवारी तेच प्रमाण निघाले, तर 8 दिसताच 20 ची अपेक्षा धरता येते. एकाच शनिवारवरून मात्र नाही, आणि दिवाळीच्या सवलतीत तर मुळीच नाही, कारण तेव्हा लोक विचार न करता विकत घेतात.

याच टेबलामुळे मालकाच्या फोनला उत्तरही देता येते. 3 एप्रिलला पाठवलेल्या मार्चच्या अहवालातली बेरीज तशीच जपायची, बदललेली बेरीज पुढच्या अहवालात कारणासह वेगळ्या ओळीत द्यायची. गुपचूप बदललेला बरोबर आकडाही विश्वास घालवतो.

हे टेबल उशिरा सुरू केले तर मागचे भरून काढता येत नाही. दोन वर्षांचा इतिहास आज मागवा, गूगल देईल; पण देईल तो आजचा, पिकलेला आकडा. पहिल्या सकाळी काय दिसले होते, हे तिथे विचारायची सोय नाही. एका कंपनीत आम्ही असाच इतिहास भरला आणि पिकण्याचे प्रमाण काढायला बसलो, तर जुन्या दिवसांचा पहिलाच आकडा शंभर टक्के पिकलेला निघाला. हिशेब सांगू लागला की या ग्राहकांना विचार करायला वेळच लागत नाही. सगळ्यांना आनंद झाला. तासाभराने कोणीतरी `fetched_at` पाहिले: दोन्ही वर्षांच्या प्रत्येक ओळीवर एकच तारीख होती, कालची.