विश्लेषण : बोर्डाच्या परीक्षेनंतरची सहल झोपेच्या वेळेनुसार का आखावी?

दहावी-बारावीचा शेवटचा पेपर संपला की घरोघरी सहलीची चर्चा सुरू होते. महिनोन् महिने घरात कोंडलेल्या मुलाला बाहेर न्यायचे असते आणि आई-बाबांनाही मोकळा श्वास हवा असतो. मग चार दिवसांत सात ठिकाणे बसवली जातात, रोज सकाळी सहाचा गजर लागतो आणि मूल गाडीच्या मागच्या सीटवर झोपून प्रवास करते. ‘एवढा खर्च केला आणि हा झोपलाच’ अशी तक्रार पालक करतात. चूक मुलाची नसते, वेळापत्रकाची असते. ते कसे बदलता येईल, हे पुण्याहून दापोलीला जाणाऱ्या एका कुटुंबाचे काल्पनिक उदाहरण घेऊन पाहू.

परीक्षा संपल्यावर मुले इतकी का झोपतात?

१३ ते १८ वर्षांच्या मुलांना दिवसाला ८ ते १० तास झोप लागते, असे झोपेच्या अभ्यासकांचे म्हणणे आहे. अभ्यासाच्या दिवसांत ती अनेकदा सहा तासांवर येते. रोजचे दोन-तीन तास थकत जातात आणि ही थकबाकी एका रविवारी फिटत नाही. त्यातच वयात येताना शरीराचे घड्याळ पुढे सरकते. झोपेचा संकेत देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक मुलांच्या शरीरात रात्री उशिरा वाढू लागते. त्यामुळे रात्री अकराच्या आधी झोप येत नाही आणि सकाळी सातला डोळे उघडत नाहीत. यात मोबाइलचा वाटा असतोच, पण मोबाइल काढून घेतला तरी हा कल पूर्ण जात नाही.

शेवटच्या पेपरनंतर पहिले दोन-तीन दिवस मूल दहा-अकरा तास झोपले तर घाबरण्याचे कारण नाही. थकबाकी फिटत आली की झोप आपोआप नऊ तासांच्या आसपास येते. लागोपाठ दोन दिवस मूल गजराशिवाय साधारण एकाच वेळी उठले आणि दुपारी पेंगले नाही, तर गाडी रुळावर आली असे समजावे.

निघायचे कधी?

आपल्या उदाहरणात दहावीतल्या मुलीचा शेवटचा पेपर बुधवारी आहे. गुरुवारी पहाटे निघण्याचा मोह टाळावा. गुरुवार, शुक्रवार, शनिवार घरीच. मुलीने हवे तेवढे झोपावे, मैत्रिणींना भेटावे. रविवारी सकाळी नाश्ता करून दहाला निघावे आणि गुरुवारी परतावे. यात दोन फायदे आहेत. शनिवार-रविवारची गर्दी उलट दिशेने परतत असते, आणि मार्चअखेरीस इतर शाळा सुरू असल्याने मधल्या वारी किनारे मोकळे असतात, खोल्याही तुलनेने स्वस्त मिळतात.

ताम्हिणी घाट, माणगावमार्गे दापोलीला पोहोचायला थांबे धरून साडेपाच-सहा तास लागतात. घाटात मळमळ होत असेल तर मुलीला पुढच्या सीटवर बसवावे आणि वळणांवर मोबाइल बघू देऊ नये. मुंबईकरांना कोकण रेल्वेने खेडला उतरून पुढे एसटी किंवा रिक्षाने दापोली गाठता येते.

खोली घेताना काय विचारायचे?

मुरूड, कर्दे, लाडघर या दापोलीजवळच्या किनाऱ्यांवर घरगुती राहण्याची सोय भरपूर आहे. समुद्र दिसतो का, हे सगळेच विचारतात. त्याआधी ‘नाश्ता किती वाजेपर्यंत मिळेल?’ हे विचारा. अनेक घरी तो साडेनऊला आटोपतो. दहा-साडेदहाला पोहे मिळणार असतील तर सकाळी दार ठोठावायची वेळच येत नाही. दुसरा प्रश्न पडद्यांचा आणि एसीचा. मार्चअखेरीस किनारपट्टीवर उकाडा असतो. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर निदान पंखा चालतो का, हेही विचारून घ्यावे. शक्य असल्यास दोन खोल्या घ्याव्यात, म्हणजे आई-बाबा पहाटे उठून किनाऱ्यावर फिरून येऊ शकतात.

चार दिवसांत करायचे काय?

नियम एकच : दिवसाला एक ठरलेली गोष्ट, तीही संध्याकाळी चारनंतर. मुरूड-कर्द्याची डॉल्फिन फेरी सकाळी लवकर असते. ती मुलीने स्वतःहून मागितली तरच ठेवावी.

सोमवारी काहीच ठरवू नये. उशिरा नाश्ता, जेवण, पत्ते, दुपारची झोप आणि पाचनंतर किनारा. फक्त पाण्यात उतरण्याआधी भरती-ओहोटीची वेळ स्थानिकांना विचारावी. ही वेळ रोज साधारण पाऊण-एक तास पुढे जाते, त्यामुळे काल सुरक्षित वाटलेली वेळ आज तशी असेलच असे नाही. ओहोटीच्या ओढीत पोहायला जाऊ नये.

मंगळवारी संध्याकाळी हर्णै बंदरातला मासळीचा लिलाव बघावा. बोली कशी लागते हे बघण्यात तास सहज जातो, आणि समोर सुवर्णदुर्ग दिसतो. बुधवारी आंजर्ले. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले याच हंगामात घरट्यांतून बाहेर येतात आणि संवर्धन करणारे गावकरी ती सकाळी व संध्याकाळी समुद्रात सोडतात. संध्याकाळची वेळ धरावी. पिल्ले रोज निघतातच असे नाही, म्हणून निघण्यापूर्वी गावात फोन करून विचारावे. निघाली नाहीत, तरी किनारा आहेच.

पालकांच्या काळजीचे काय?

मुलापेक्षा पालकांचाच मेंदू सुट्टीवर जायला तयार नसतो. ‘गणितात किती पडतील?’, ‘अकरावीला कुठले कॉलेज?’ हे प्रश्न जेवताना निघतात आणि मूल गप्प होते. बोलायचेच नाही असे ठरवून हे थांबत नाही. त्याऐवजी विषयाला वेळ द्यावी : परतल्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी एक तास. सहलीत विषय निघाला की ‘रविवारी’ एवढेच म्हणायचे. मनात आलेले प्रश्न आई-बाबांनी कागदावर लिहून ठेवावेत. निकाल मे महिन्यात लागतात, त्यामुळे या चार दिवसांत काहीही बिघडत नाही. ‘पेपर कसे गेले?’ असे विचारणारे नातेवाइकांचे फोन आई-बाबांनीच घ्यावेत.

बारावीच्या मुलांचे गणित वेगळे आहे. जेईई, नीट किंवा सीईटी समोर असेल तर पाच दिवस मोकळे मिळत नाहीत. तेव्हा घरी एक दिवस झोप आणि दोन रात्रींची जवळची सहल पुरे. पुस्तके सोबत घेऊ नयेत. ती उघडली जात नाहीत आणि बॅगेतूनच टोचत राहतात.

परतल्यावर काय पाहायचे?

उठण्याची वेळ एकदम सहावर आणू नये. रोज अर्धा तास अलीकडे घ्यावी आणि उठल्यावर लगेच गच्चीत किंवा अंगणात उजेडात बसावे. सकाळचा उजेड शरीराचे घड्याळ मागे खेचतो.

परीक्षा संपून दोन आठवडे झाले, झोप पुरेशी होते आहे आणि तरीही मूल थकलेले, चिडलेले दिसते, जेवण कमी झाले आहे, आवडत्या गोष्टींतही मन लागत नाही, असे असेल तर तो साधा थकवा समजू नये. फॅमिली डॉक्टरांना दाखवावे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा मुलाच्या तोंडून आली, तर दोन आठवडे थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या मोफत हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर २४ तास मराठीतही बोलता येते, आणि पालकही तेथे फोन करू शकतात.