‘कॅन यू टेल मी व्हेअर इज गुलमंडी?’ यात चुकतं काय?

अजिंठा-वेरूळ बघायला आलेला एखादा परदेशी पर्यटक छत्रपती संभाजीनगरच्या पैठण गेटपाशी थांबून गुलमंडीचा रस्ता विचारतो, तेव्हा तो दोनपैकी एका प्रकारे विचारेल. थेट विचारलं तर ‘व्हेअर इज गुलमंडी?’ आणि जरा अदबीनं विचारलं तर ‘कॅन यू टेल मी व्हेअर गुलमंडी इज?’ दुसऱ्या वाक्यात ‘इज’ उडी मारून शेवटी गेलाय. आपल्याकडे मात्र बरेच जण ‘कॅन यू टेल मी व्हेअर इज गुलमंडी?’ असंच म्हणतात. अर्थ समोरच्याला कळतो, पण परीक्षेत किंवा मुलाखतीत ही चूक धरली जाते.

आपल्याला हे खटकत नाही, कारण मराठीत असं काही होतच नाही. ‘गुलमंडी कुठे आहे?’ हा प्रश्न आणि ‘गुलमंडी कुठे आहे ते सांगता का?’ हे वाक्य शेजारी ठेवा. आतला तुकडा जसाच्या तसा राहिला, मागे फक्त ‘ते’ जोडलं गेलं. ‘दुकान उघडं आहे का?’ याचंही तसंच: ‘दुकान उघडं आहे का ते बघ.’ मराठीत प्रश्न ‘कुठे’, ‘कधी’, ‘का’ या शब्दांतून कळतो. शब्दांच्या क्रमावर तो अवलंबून नाही, त्यामुळे क्रम बदलायची गरजच पडत नाही.

इंग्रजीत क्रमालाही काम दिलंय. ‘गुलमंडी इज निअर पैठण गेट’ हे विधान. त्यातला ‘इज’ उचलून पुढे आणला की ‘इज गुलमंडी निअर पैठण गेट?’ हा प्रश्न. म्हणजे क्रियापद कर्त्याच्या पुढे येणं ही ‘मी आता विचारतोय, उत्तर द्या’ अशी खूण आहे. ‘कॅन यू टेल मी’ म्हणताना ही खूण ‘कॅन’ला ‘यू’च्या पुढे आणून आधीच करून झालेली असते. विचारण्याची क्रिया एकदाच घडते, म्हणून उलटापालटही एकदाच. आतला तुकडा आता प्रश्न उरत नाही; कोणती माहिती हवी आहे, त्याचं ते नाव असतं. ‘आय नो व्हेअर गुलमंडी इज’मध्ये तर कुणी काही विचारतही नाही, म्हणून तिथे शेवटी पूर्णविराम येतो.

एकच खुर्ची

भाषाशास्त्रज्ञ यामागचं आणखी एक कारण सांगतात. इंग्रजी वाक्याच्या सुरुवातीला, कर्त्याच्या आधी, जणू एकच खुर्ची असते. थेट प्रश्नात तिथे ‘इज’, ‘डज’, ‘कॅन’ असं क्रियापद बसतं. आतल्या वाक्यात ती खुर्ची ‘इफ’ घेतो: ‘आस्क हिम इफ द शॉप इज ओपन.’ ‘इफ’ बसला की ‘इज’ला जागा नाही, तो आपल्या मूळ ठिकाणी राहतो. याचा पुरावा उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या बोलीत सापडतो. तिथे ‘आस्क हिम इज द शॉप ओपन’ असं सर्रास बोलतात, पण तेव्हा ‘इफ’ गळतो. ‘इफ इज द शॉप ओपन’ असं दोन्ही एकत्र तिथलेही लोक म्हणत नाहीत.

खरी गडबड ‘डू’ आणि ‘डज’मध्ये होते. ‘व्हेअर डज धिस रोड गो?’ हा प्रश्न घ्या. यातला ‘डज’ केवळ उलटापालट करता यावी म्हणून आणलेला मदतनीस आहे. उलटापालट नको झाली की त्याचं काम संपतं आणि त्याच्याकडचा ‘स’चा प्रत्यय मूळ क्रियापदाकडे परत जातो: ‘डू यू नो व्हेअर धिस रोड गोज?’ घाईत ‘व्हेअर धिस रोड गो’ म्हटलं जातं, तेव्हा ‘डज’ काढलेला असतो पण त्याचं सामान परत दिलेलं नसतं. भूतकाळातही हाच हिशेब. ‘व्हेन डिड द शॉप क्लोज?’चं ‘टेल मी व्हेन द शॉप क्लोज्ड’ होतं.

तपासायची सोपी युक्ती म्हणजे बाहेरचा भाग आणि प्रश्नशब्द बोटानं झाका. ‘धिस रोड गोज’, ‘गुलमंडी इज’ असं उरलं, म्हणजे कर्ता आधी आणि क्रियापद नंतर आलं, तर वाक्य बरोबर. ‘इज गुलमंडी’ उरलं तर चुकलं.

काही वाक्यांत मात्र बदल दिसणारच नाही. ‘व्हू सेल्स हिमरू हिअर?’मध्ये ‘व्हू’ स्वतःच कर्ता आहे, उलटापालट मुळात झालेलीच नाही. म्हणून ‘डू यू नो व्हू सेल्स हिमरू हिअर?’ ‘आय आस्क्ड व्हॉट वॉज द मॅटर’ हा क्रम तर मुरलेले इंग्रजी भाषकही वापरतात, त्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही.

आणि ‘डू यू थिंक’ आलं की प्रश्नशब्दच उठून सगळ्यात पुढे जातो: ‘व्हेअर डू यू थिंक गुलमंडी इज?’ इथेही ‘डू’ पुढे आला, ‘इज’ जागेवरच राहिला.