फळ तेच, कॉफी तीन चवींची

हल्ली बेळगाव असो, इंदूर असो की हैदराबाद, चांगल्या कॉफीच्या पाकिटावर बागेचं नाव असतं आणि त्याखाली ‘वॉश्ड’, ‘नॅचरल’ किंवा ‘हनी’ असा एखादा शब्द असतो. पुष्कळांना वाटतं की हनी म्हणजे कॉफीत मध घातलेला असणार आणि नॅचरल म्हणजे रसायनांविना पिकवलेली. दोन्ही समजुती चुकीच्या. फळ झाडावरून उतरल्यानंतर आतली बी बाहेर कशी काढली आणि कशी वाळवली, एवढंच हे शब्द सांगतात. पण तेवढ्यानेच कपातल्या चवीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

कॉफीचं फळ पिकल्यावर लालभडक होतं, आकाराने साधारण करवंदाएवढं. तोंडात टाकलं तर गोड लागतं, पण गर नावापुरताच. साल आणि तो पातळ गर काढला की आत दोन बिया एकमेकींना सपाट बाजूने चिकटलेल्या असतात. त्यांच्यावर एक बुळबुळीत, गोड, चिकट थर असतो. तो धुऊनही सहजासहजी जात नाही, ओल्या कोकमाच्या बीसारखा हाताला चिकटून राहतो. त्याच्या आत कागदासारखं कडक कवच, त्याला पार्चमेंट म्हणतात, आणि त्याच्याही आत आपली बी. सगळा खेळ त्या चिकट थराचा आहे. तो कधी काढायचा, की काढायचाच नाही?

समजा, चिकमगळूरच्या डोंगरातली एक बाग आहे. सिल्व्हर ओकची सावली, खोडांवर मिरीचे वेल, खाली अरेबिकाची झुडपं. डिसेंबरमधल्या एका दिवशी मजुरांनी तीनशे किलो फळ तोडून आणलं. आधी ते पाण्याच्या हौदात ओततात. पोकळ, किडकी फळं वर तरंगतात, ती काढून टाकायची. हिरवी राहिलेली हाताने वेचायची. उरलेल्या चांगल्या फळाचे तीन सारखे ढीग केले. प्रत्येक ढिगातून शेवटी साधारण सोळा-सतरा किलो कच्ची बी मिळेल, कारण एक किलो बीला ढोबळमानाने सहा किलो फळ लागतं. झाड एक, तोडणीचा दिवस एक. आता वाटा वेगळ्या होतात.

पहिला ढीग त्याच संध्याकाळी पल्परमध्ये जातो. हे यंत्र फळ दाबून साल वेगळी करतं आणि चिकट बिया बाहेर टाकतं. त्या टाकीत घालून ठेवायच्या. आपण इडलीचं पीठ आंबवतो तसंच इथे होतं. फळातली विकरं आणि सूक्ष्मजीव मिळून तो बुळबुळीत थर विरघळवतात. किती तास, हे घड्याळापेक्षा हवेवर ठरतं. थंडीत चोवीस ते छत्तीस तास लागू शकतात, उबदार हवेत त्याहून कमी. जाणकार माणूस मूठभर बिया पाण्यात धुऊन हातात चोळतो. त्या निसटत असतील तर थांबायचं, वाळूसारख्या खरखरीत लागल्या तर लगेच धुवायचं. इथे हयगय झाली की आंबट-कुजका वास बीत मुरतो आणि नंतर काही केल्या जात नाही. पल्परच्या कोपऱ्यात आदल्या दिवसाची एखादी बी अडकून राहिली आणि आजच्या मालात मिसळली, तर ती एकटीही कप बिघडवू शकते. कॉफीवाले तिला ‘स्टिंकर’ म्हणतात, ते उगाच नव्हे. धुतलेली पार्चमेंट मग आठ-दहा दिवस उन्हात वाळते. ही झाली वॉश्ड.

दुसऱ्या ढिगाला पल्पर दाखवायचाच नाही. आख्खं फळ जाळीच्या उंच मांडवावर किंवा स्वच्छ खळ्यावर पातळ पसरायचं, थर चार-पाच सेंटिमीटरपेक्षा जाड नको. दिवसातून अनेकदा हलवायचं, रात्री दव पडू नये म्हणून झाकायचं. द्राक्षाचा मनुका होतो तसं फळ आक्रसत, काळपट होत जातं. त्याला दोन ते चार आठवडे लागतात. मूठभर फळं कानाशी धरून हलवली आणि आतल्या बिया खुळखुळल्या की ती वाळली. मग गिरणीत साल, वाळलेला गर आणि कवच एकदमच काढतात. ही नॅचरल. दिसायला सगळ्यांत सोपी, करायला सगळ्यांत धोक्याची. आत साखर, बाहेर साल आणि मधे अडकलेला ओलावा, म्हणजे बुरशीला आमंत्रणच. जानेवारीत दोन दिवस अवकाळी पाऊस आला तर वॉश्डचं काम लांबतं, नॅचरलचा मात्र आख्खा ढीग हातचा जाऊ शकतो. बिघडतोय हे नाकाला आधी कळतं. पिकल्या फळाचा, किंचित दारूसारखा वास येत असेल तर चालेल. व्हिनेगर किंवा सडक्या कांद्याची आठवण झाली तर माल गेला.

तिसऱ्या ढिगाची साल पल्परने काढायची, पण बिया आंबवायच्या-धुवायच्या नाहीत. चिकट थरासकट तशाच वाळत घालायच्या. हनी हे नाव त्या थरावरून पडलं. कोस्टा रिकामधले शेतकरी त्याला ‘मिएल’, म्हणजे मध, म्हणतात आणि ही पद्धत या नावाने तिथूनच जगभर गेली. पहिले दोन-तीन दिवस बिया एकमेकींना चिक्कीसारख्या धरून बसतात, सतत सोडवत राहावं लागतं. थर कमी ठेवून भर उन्हात वाळवली तर रंग पिवळसर राहतो, जास्त थर ठेवून सावलीत हळू वाळवली तर लाल आणि मग काळा होतो. यलो, रेड, ब्लॅक हनी ही नावं त्यावरूनच आली. पण याचं कुठलंही ठरलेलं माप नाही. एका बागेची रेड हनी दुसऱ्या बागेत यलो म्हणून खपेल, म्हणून रंगाच्या नावावर मी फार विसंबत नाही.

आता चव. वॉश्ड कॉफी स्वच्छ लागते. संत्र्या-लिंबाच्या अंगाने जाणारी आंबट धार स्पष्ट कळते आणि झाडाची जात, जमीन यांचा स्वभाव उघडा पडतो. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लावली जाणारी एस. ७९५ ही जात तिच्या सौम्य, किंचित मसालेदार ढंगासह ओळखायची तर वॉश्डच प्यावी. नॅचरल दाट असते. बोरं, जांभूळ, कधी पिकला फणस, कधी थेट वाइन आठवावी असा फळांचा भपकारा, आणि आंबटपणा मागे सरकलेला. हनी मधली. आंबटपणा गोलसर झालेला, फळ आहे पण ओरडत नाही, आणि गुळासारखी, काकवीसारखी गोडी.

ही गोडी येते कुठून? सरधोपट उत्तर असं देतात की वाळताना गराची साखर बीत मुरते. ऐकायला छान आहे, पण पुरावा वेगळंच सांगतो. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या संशोधकांनी २००६ साली कच्च्या अरेबिका बियांतल्या साखरा मोजून दाखवल्या. बीतली मुख्य साखर, म्हणजे आपली नेहमीची सुक्रोज, वॉश्ड आणि नॅचरलमध्ये जवळपास सारखीच निघाली. फरक होता तो ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये. त्या वॉश्ड बियांत फारच कमी होत्या, नॅचरलमध्ये टिकून होत्या. याचं कारण असं की बी जिवंत असते. साल निघाली, पाणी मिळालं, की ती मटकीसारखी रुजायच्या तयारीला लागते आणि ओली असेपर्यंत स्वतःचीच साखर खर्च करते. नॅचरलमध्ये साखर आत शिरत नाही. धुताना आणि भिजताना जी खर्ची पडली असती, ती वाचते, एवढंच.

शिवाय भाजताना सुक्रोज जवळजवळ सगळी नाहीशी होते. तयार कपात जिभेला कळेल इतकी साखर उरतच नाही. मग गोड लागतं ते काय? बहुतांशी वास. फळावर वाळताना यीस्ट साखर खातं आणि इस्टर नावाची फळांच्या वासाची द्रव्यं तयार होतात. पिकल्या केळ्याचा, अननसाचा वास हा इस्टरांचाच असतो. त्यातलं काही बीत उतरतं आणि भाजणीतूनही थोडंफार टिकतं. पिकल्या फळाचा वास आला की मेंदू गोडीची अपेक्षा धरतो, आणि कडू-आंबट कमी असेल तर ती त्याला सापडतेही.

हे घरी पडताळून बघता येतं. एकाच बागेची तिन्ही प्रकारची पाकिटं आणा, भाजणी हलकी किंवा मध्यम असावी. प्रत्येकी पंधरा ग्रॅम जाडसर पूड, त्यावर उकळी आल्यावर मिनिटभर थांबलेलं अडीचशे मिली पाणी, चार मिनिटांनी गाळून घ्या. दूध-साखर नको. तिन्ही कप कोमट होऊ द्या, कारण गरमागरम असताना जीभ फारसं काही ओळखत नाही. मग नाक चिमटीत धरून नॅचरलचा घोट घ्या. फळ गायब, उरतं थोडं कडू, थोडं आंबट. नाक सोडा, की जांभूळ परत येतं. वॉश्डबरोबर हेच केलंत तर आंबटपणा नाक बंद असतानाही जिभेवर राहतो, कारण तो खरोखर जिभेचा आहे.

आपल्या घरच्या फिल्टर कॉफीत यातलं फारसं कळणार नाही. चिकोरी, गडद भाजणी आणि दाट दूध यांखाली इस्टर बिचारे दबून जातात. म्हणून फिल्टरसाठी महागडी नॅचरल आणणं म्हणजे पैसे पाण्यात. दुधात टिकेल अशी गोडी हवी असेल तर मध्यम भाजलेली हनी बरी.

खरेदी करताना आणखी एक गंमत लक्षात ठेवा. भारतातल्या व्यापारात ही नावं आधीपासून आहेत, फक्त शब्द दुसरे. धुतलेली अरेबिका म्हणजे ‘प्लँटेशन’, आणि आख्खी वाळवलेली म्हणजे ‘चेरी’. ‘प्लँटेशन ए’ मधला ‘ए’ दाण्याचा आकार सांगतो, चवीचा दर्जा नव्हे. पूर्वी चेरी स्वस्त मानली जायची, कारण पल्परला न चालणारं, शेवटच्या तोडणीचं कच्चं-पक्कं फळ त्यात जायचं. आज वेचून घेतलेल्या लाल फळाची, मांडवावर वाळवलेली नॅचरल वॉश्डपेक्षा महाग विकली जाते. दोन्हींची पद्धत नावाला एकच, माल मात्र वेगळा. तेव्हा पाकिटावर नुसतं ‘नॅचरल’ वाचून जास्त पैसे मोजू नका. बागेचं नाव, तोडणीचं वर्ष आणि भाजल्याची तारीख आहे का, ते बघा. आणि पाकीट उघडल्यावर फळाच्या वासाआड व्हिनेगरची छटा आली, तर ती ‘फर्मेंटेड नोट’ आहे असं दुकानदाराने कितीही सांगितलं तरी पाकीट परत करा.