छताला पांढरा रंग दिला तर छोटा एसी पुरेल का?

नाशिक रोडला पारा 40 वर गेला की वरच्या मजल्याचा काळपट स्लॅब भर दुपारी 60 अंशांपर्यंत तापू शकतो. खोली 26 अंशांवर ठेवायची तर फरक झाला 34 अंशांचा. कूल रूफ पेंट मारलेला स्लॅब साधारण 45 वर राहिला, तर फरक 19 अंशांचाच. उष्णता या फरकाच्या प्रमाणात खाली येते, म्हणजे छताची उष्णता जवळपास निम्मी.

10 बाय 12 च्या खोलीत ही बचत अंदाजे 600 वॅट, म्हणजे एक टनाचा सहावा भाग. भिंती, खिडक्या, माणसं यांची उष्णता तशीच राहते. त्यामुळे दीड टनाऐवजी लगेच एक टन घेऊ नका. रंगावर धूळ बसली की फायदा घटतो, छत धूत राहा.

गच्चीवर बाग केली तरी गारवा मिळतो. पण 10 सेंटिमीटर ओली माती चौरस मीटरला दीडशे किलोंच्या वर भरते. जुना स्लॅब आधी इंजिनीअरला दाखवा.